तोंडी परीक्षेत 20 पैकी 14 म्हणजे नेमकं काय?

प्रगतिपुस्तकात ‘मराठी तोंडी : 14/20’ असं लिहून येतं आणि पालक शाळेत विचारायला जातात की सहा गुण कुठे गेले. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिका समोर ठेवता येते, पण तोंडी परीक्षेत दाखवण्यासारखं हातात काही नसतं. मग शिक्षक म्हणतात, ‘जरा अडखळत होता’, आणि विषय तिथेच संपतो.

हा प्रश्न आता ठाणे-नवी मुंबईत जास्त घरांमध्ये येतो. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. नेरूळ, वाशी, घोडबंदर रोड इथल्या इंग्रजी माध्यमाच्या एका वर्गात घरी हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळम बोलणारी मुलं असतात आणि शेजारच्या बाकावर आगरी बोलणारं मूलही असतं. या सगळ्यांना मराठी बोलता येतं का, हे एकाच परीक्षेतून ठरवायचं असतं. मी मराठी शिकवते आणि अशा परीक्षा तयार करते. म्हणून इथे आठवीच्या वर्गासाठीची एकच परीक्षा घेऊन ती कशी बांधायची, गुण कसे द्यायचे आणि परीक्षकाने काय करायचं, काय टाळायचं, हे सांगते.

आधी ‘बोलता येणं’ म्हणजे काय ते ठरवा

बहुतेक शाळांत तोंडी परीक्षा म्हणजे ‘माझा आवडता सण’ यावर दोन मिनिटांचं भाषण किंवा कविता पाठ म्हणून दाखवणं. भाषण आईने लिहून दिलेलं असतं, मुलाने चार दिवस घोकलेलं असतं. त्यातून स्मरणशक्ती दिसते, उच्चार थोडा दिसतो, धीटपणा दिसतो. समोरच्याने अनपेक्षित प्रश्न विचारला तर मूल मराठीत उत्तर देऊ शकेल का, हे मात्र कळत नाही. वाहन चालवायचा परवाना देताना गाडीच्या भागांची नावं म्हणून घेत नाहीत, गाडी चालवून दाखवायला लावतात. तोंडी परीक्षेचंही तसंच आहे. जे तपासायचं ते मुलाला प्रत्यक्ष करायला लागलं पाहिजे.

म्हणून सुरुवात विषयाने करायची नाही, एका वाक्याने करायची. आमच्या परीक्षेचं वाक्य असं आहे: ‘आठवीतलं मूल अनोळखी मोठ्या माणसाला मराठीत एक अडचण सांगू शकतं, विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देऊ शकतं आणि हवी ती माहिती काढून घेऊ शकतं.’ पुढचं सगळं या वाक्यावरून ठरतं. या वाक्यात न बसणाऱ्या गोष्टीला गुण नाहीत. सुंदर अक्षर, सणांची माहिती, हातवारे, सगळं बाहेर.

कार्य : बसमध्ये राहिलेलं दप्तर

मुलाने करायच्या कामाला इथे ‘कार्य’ म्हणू या. आमचं कार्य असं: शाळेत येताना एनएमएमटीच्या बसमध्ये दप्तर राहिलं. मूल डेपोच्या खिडकीशी आलं आहे आणि परीक्षक खिडकीमागचा कारकून आहे. मुलाने चार गोष्टी सांगायच्या: काय हरवलं, कुठे आणि केव्हा, ते दिसायला कसं आहे, आत काय होतं. शिवाय एक गोष्ट विचारायची: ते न्यायला कधी यायचं.

हे काम निवडण्याचं कारण त्यातल्या भाषेत आहे. ‘राहिलं’, ‘ठेवलं होतं’, ‘उतरलो’ असा भूतकाळ त्यात आपोआप येतो. रंग, आकार आणि वस्तू सांगताना विशेषणं नामाबरोबर बदलावी लागतात. आणि दोघांकडे वेगवेगळी माहिती असल्यामुळे बोलण्याला खरं कारण मिळतं. दप्तर कसं आहे हे कारकुनाला माहीत नाही, ते मिळालं का हे मुलाला माहीत नाही. परीक्षकाला ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न विचारला की मुलं एका शब्दात उत्तर देऊन मोकळी होतात.

मुलाच्या हातात एक कार्ड असतं. कार्डावर फक्त चित्रं: निळं दप्तर, त्याला अडकवलेली पिवळी कीचेन, स्टीलचा डबा, बाटली, वही, सव्वासात वाजलेलं घड्याळ आणि बसच्या पाटीवर ‘नेरूळ स्टेशन’. मराठी वाक्यं मुद्दाम दिलेली नाहीत. वाक्यं दिली की मूल ती वाचून दाखवतं आणि परीक्षा वाचनाची होते. काय करायचं याची सूचना मुलाला ज्या भाषेत नीट कळते त्या भाषेत द्यायची, इंग्रजीत दिली तरी चालेल. सूचनाच न कळल्यामुळे गप्प बसलेल्या मुलाला बोलता येत नाही असं समजणं अन्याय आहे.

आणि मग येतं वळण. मुलाने दप्तराचं वर्णन केलं की कारकून म्हणतो, ‘अशी दोन निळी दप्तरं आलीत आज. तुझं कोणतं, कसं ओळखायचं?’ संपूर्ण परीक्षेतला सर्वांत मोलाचा क्षण हाच. इथे पाठांतर कामी येत नाही.

एकच कार्ड का पुरत नाही

पहिलं मूल बाहेर आलं की कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना सांगतं. त्यामुळे कार्डं किमान तीन हवीत आणि वळणंही तीन. ‘दोन निळी दप्तरं आलीत’ हे एक. ‘त्या बसमध्ये काही सापडलं नाही म्हणतात, तू नक्की त्याच बसमध्ये होतास का?’ हे दुसरं. ‘साहेब जेवायला गेलेत, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे आहे’ हे तिसरं. कार्ड आणि वळण यांच्या जोड्या बदलत ठेवायच्या.

पण तिन्ही कार्डं सारखीच अवघड असली पाहिजेत, आणि इथे मराठीची एक खास अडचण आहे. समजा एका कार्डावर हरवलेली वस्तू छत्री आहे आणि दुसऱ्यावर दप्तर. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाला ‘काळी छत्री’ म्हणणं सोपं जातं, कारण हिंदीतही ती स्त्रीलिंगीच आहे. दप्तर मात्र नपुंसकलिंगी. हिंदीत हे तिसरं लिंग नाही, म्हणून ‘निळा दप्तर’, ‘माझा दप्तर’ हमखास येतं. छत्रीचं कार्ड ज्याला मिळालं त्याची चूक दिसलीच नाही, दप्तरवाल्याची दिसली. म्हणजे गुण कार्डाने ठरवले, मुलाने नाही. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक कार्डावर हरवलेली मुख्य वस्तू नपुंसकलिंगी ठेवायची (दप्तर, पाकीट, घड्याळ) आणि सोबतच्या वस्तूंत एक तरी पुल्लिंगी व एक स्त्रीलिंगी घालायची.

गुण कशाला द्यायचे

गुण कशाला आणि किती, हे आधी लिहून ठेवलेल्या कागदाला निकषपत्रिका म्हणतात. आमच्या निकषपत्रिकेत चार निकष आहेत, प्रत्येकी पाच गुण. प्रत्येक निकषासाठी 5, 3 आणि 1 या पायऱ्यांवर मूल काय करतं हे शब्दांत लिहिलं आहे. 4 आणि 2 मधल्या स्थितीसाठी. त्या निकषाचा एकही पुरावा मिळाला नाही तर 0.

पहिला निकष ‘काम झालं का’. चारही गोष्टी सांगितल्या, प्रश्न विचारला आणि वळणातून वाट काढली तर 5. दप्तर शोधायला पुरेल एवढी माहिती मिळाली, पण मूल वळणावर अडलं किंवा बरीचशी माहिती खोदून काढावी लागली तर 3. काहीतरी हरवलंय एवढंच कळलं तर 1.

दुसरा ‘संवाद’. उत्तर प्रश्नाला धरून आहे, कळलं नाही तर मूल परत विचारतं, शब्द आठवला नाही तर वळसा घालून सांगतं, तर 5. उत्तरं बरोबर पण तुटक, पुढचं प्रत्येक वाक्य विचारून घ्यावं लागतं, तर 3. प्रश्न काहीही असो, पाठ केलेलंच वाक्य येतं किंवा मूल गप्प राहतं, तर 1.

तिसरा ‘शब्द आणि व्याकरण’. चुका आहेत पण तुरळक, काळ आणि लिंगाची रूपं बहुतेक ठिकाणी जुळतात, तर 5. एकाच प्रकारची चूक वारंवार होते पण अर्थ पोहोचतो, तर 3. सुटे शब्द येतात, क्रियापद नसतं किंवा वाक्यंच्या वाक्यं हिंदीत जातात, तर 1.

चौथा निकष ‘ऐकणाऱ्याला कळणं’. एकदा ऐकून कळलं तर 5, मधूनमधून परत विचारावं लागलं तर 3, बहुतेक वेळा विचारावं लागलं तर 1. याला ‘उच्चार’ असं नाव आम्ही मुद्दाम दिलेलं नाही. ‘उच्चार’ लिहिलं की परीक्षकाचे कान प्रमाण उच्चाराकडे वळतात. नवी मुंबईत त्याची किंमत आगरी मुलं मोजतात. ही वस्ती ज्यांच्या गावांच्या जमिनींवर उभी राहिली त्यांच्या घरातलं मूल ‘निला’ म्हणतं, कारण आगरीत ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. घरी हिंदी बोलणारं मूलही ‘निला’च म्हणतं. दोघांचं बोलणं कळतं, त्यामुळे दोघांचेही गुण कापायचे नाहीत. बोलीतल्या रूपांना चूक धरायचं नाही, हेही तिसऱ्या निकषाखाली स्पष्ट लिहायला हवं. ते फक्त शिक्षकखोलीत तोंडी सांगितलं तर परीक्षेच्या गडबडीत विसरलं जातं.

सगळ्या निकषांना लागू असलेला एक नियम आहे: एका चुकीसाठी एकदाच गुण कापायचे. ‘माझा दप्तर’ व्याकरणात मोजलं की ते संवादात पुन्हा मोजायचं नाही.

परीक्षकाने काय करायचं, काय टाळायचं

निकष कितीही नेमके असले तरी एका परीक्षकाने मदत केली आणि दुसऱ्याने केली नाही, तर दोन वर्गांचे गुण एका मापाचे राहत नाहीत. म्हणून परीक्षकाची वाक्यंही लिहून द्यावी लागतात. सुरुवातीचं अर्धं मिनिट बिनगुणांचं असतं: ‘नाव काय तुझं? शाळेत कसा येतोस?’ एवढ्याने मुलाचा आवाज मोकळा होतो. मग: ‘आता मी बसडेपोतला कारकून. बोल, काय झालं?’ इथून गुण सुरू.

मूल थांबलं तर मनात पाच आकडे मोजायचे. हे सर्वांत अवघड जातं, कारण शिक्षकाची जीभ लगेच मदतीला धावते. पाच सेकंदांनंतर तोच प्रश्न त्याच शब्दांत एकदा परत विचारायचा. तरीही उत्तर आलं नाही तर सोपा करायचा: ‘दप्तर कसं दिसतं?’ऐवजी ‘रंग कोणता?’ त्यानंतर पुढे जायचं. शब्द पुरवायचा नाही, चूक दुरुस्त करायची नाही, मुलाने ‘बस्ता’ म्हटलं तर ‘दप्तर का?’ असं विचारायचं नाही. परीक्षकाने स्वतः हिंदीत उतरायचं नाही. ‘छान’, ‘शाब्बास’ही नको, कारण एकाला म्हटलं आणि दुसऱ्याला नाही म्हटलं की दुसरा खचतो. ‘बरं’ आणि ‘हं, पुढे?’ पुरतात. हा कोरडेपणा मुलांना खुपू नये म्हणून आदल्या आठवड्यात वर्गात सांगून ठेवायचं की परीक्षेत बाई अशाच बोलणार आहेत.

गुण मूल बाहेर गेल्यावर लिहायचे, आणि चारही निकष वेगवेगळे. एकूण 15 द्यावेसे वाटतात म्हणून मागे जाऊन चार आकडे जुळवायचे नाहीत. ते जुळवले गेलेत हे ओळखता येतं: गुणतक्त्यात ओळीमागून ओळ 4-4-4-4, 3-3-3-3 अशीच दिसली, तर परीक्षकाने निकष वेगळे करून पाहिलेलेच नाहीत.

दोन मुलं, एकच कार्ड

परीक्षकांच्या सरावासाठी आम्ही नमुने रचतो. त्यातले हे दोन. पहिली मुलगी:

— बोल, काय झालं?
— सर, माझा… माझं दप्तर बसमध्ये राहिला.
— कोणत्या बसमध्ये?
— नेरूळ स्टेशनवाली. सकाळी, सात वाजता पंधरा.
— दप्तर कसं आहे?
— निळा आहे. आणि ते… काय म्हणतात… किल्लीला लावतात ना, ते. पिवळा. ते लटकते.
— अशी दोन निळी दप्तरं आलीत आज. तुझं कोणतं, कसं ओळखायचं?
— दोन? मग उघडा ना सर. माझ्यात डबा आहे स्टीलचा. बाटली पण. आणि वहीवर माझा नाव आहे.
— बरं. बघतो.
— थँक यू सर.

चारही गोष्टी सांगितल्या, वळणातून मार्गही काढला, पण न्यायला कधी यायचं हे विचारायचं राहिलं. पहिल्या निकषाला 4. कीचेनचा शब्द नव्हता तेव्हा ती थांबली नाही, किल्लीवरून समजावून सांगितलं. ‘उघडा ना सर’ हे तर खिडकीशी उभं राहून कोणीही म्हणेल असं उत्तर. संवादाला 5. नपुंसकलिंगाची चूक पुन्हा पुन्हा येते (‘राहिला’, ‘निळा’, ‘माझा नाव’) आणि ‘सव्वासातला’ जमलं नाही, तरी अर्थ कुठेही अडला नाही. व्याकरणाला 3. मधे थांबत बोलते, पण परत विचारावं लागलं नाही. चौथ्याला 5. एकूण 17.

दुसरा मुलगा. त्याला दुसऱ्या तुकडीतल्या मित्राने कार्ड आधीच सांगितलं होतं, पण त्याच्या वाट्याला वळण वेगळं आलं.

— बोल, काय झालं?
— नमस्कार. आज सकाळी सव्वासात वाजता नेरूळ स्थानकाच्या बसमध्ये माझे निळ्या रंगाचे दप्तर राहिले. त्याला पिवळी कीचेन आहे. त्यात डबा, पाण्याची बाटली आणि वही आहे. मी ते न्यायला कधी येऊ?
— त्या बसमध्ये काही सापडलं नाही म्हणतात. तू नक्की त्याच बसमध्ये होतास का?
— (शांतता) …माझे दप्तर निळ्या रंगाचे आहे.
— तू नक्की त्याच बसमध्ये होतास का?
— …हो. निळे आहे.
— बस कोणती होती?
— …नेरूळ.

भाषणाच्या परीक्षेत हा मुलगा पहिला आला असता. इथे काम अर्धं झालं, वळणावर अडला: 3. संवाद: शेवटी ‘हो’ आणि ‘नेरूळ’ एवढंच प्रश्नाला धरून आलं, म्हणून 2. व्याकरणाला परीक्षक 5 द्यायला जातात, पण पुरावा कशाचा आहे ते बघायला हवं. पाठ केलेल्या भागात चूक नाही, आणि स्वतःचं असं त्याने जवळपास काहीच बोललेलं नाही. आमच्या सूचनेत लिहिलेलं आहे की पाठांतराचा भाग तिसऱ्या निकषासाठी अर्धाच पुरावा धरावा, जास्तीत जास्त 3. कळण्याला 5. एकूण 13.

‘शेवटी गुण परीक्षकाच्या मर्जीवरच ना?’

मर्जी पूर्ण जात नाही, पण ती किती उरली आहे हे मोजता येतं. परीक्षेच्या आठवडाभर आधी सगळे परीक्षक एकत्र बसून असे तीन नमुने ऐकतात, एकमेकांना न दाखवता गुण लिहितात आणि मगच उघडतात. एखाद्या निकषात एकापेक्षा जास्त गुणांचा फरक आला की निकषपत्रिकेतलं वाक्य वाचून बोलायचं. बऱ्याच वेळा असं दिसतं की चूक परीक्षकाची नसून वाक्य मोघम आहे. मग वाक्य बदलायचं.

मोठ्या परीक्षांतही हेच तत्त्व वापरतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीतल्या बोलण्याच्या परीक्षेत 11 ते 14 मिनिटं आणि चार निकष असतात, आणि संभाषण रेकॉर्ड होतं. केंब्रिजच्या परीक्षांमध्ये खोलीत दोन परीक्षक असतात, एक बोलतो आणि दुसरा फक्त ऐकून गुण देतो. शाळेला दरवेळी दोन माणसं परवडत नाहीत. पण पालकांची लेखी परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड केला आणि दर पाचव्या मुलाचं रेकॉर्डिंग दुसऱ्या शिक्षिकेने ऐकून स्वतंत्र गुण दिले, तरी बरंच कळतं. एकूण गुणांत तीनपेक्षा जास्त फरक पडला की त्या परीक्षकाची सगळी रेकॉर्डिंग परत ऐकायची. जेवणाच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या काही मुलांची तर जरूर ऐकावी, तेव्हा परीक्षक थकलेला असतो.

‘40 मुलांच्या वर्गात एवढा वेळ कुठून आणायचा?’

हिशोब असा. संभाषण चार मिनिटं, गुण लिहिणं आणि पुढचं मूल आत येणं एक मिनिट. 35 मिनिटांच्या तासिकेत सात मुलं. 40 मुलांना सहा तासिका. कार्ड पाहायचं एक मिनिट पुढचं मूल बाहेर घेतं, पण तिथे कोणीतरी मोठं माणूस बसलेलं हवं. सहा तासिका म्हणजे साधारण एका आठवड्याचं मराठी. तेवढाही वेळ नसेल तर दोन मुलांना एकत्र बसवून एकाला कारकून करता येतं. पण मग एकाचं बोलणं दुसऱ्याच्या प्रश्नांवर अवलंबून राहतं आणि गप्प जोडीदार मिळालेल्या मुलाचं नुकसान होतं. मी तो मार्ग सरावासाठी वापरते, गुणांसाठी नाही.

‘घरी मराठी बोलणाऱ्यांना फुकटचे गुण!’

ते मूल हे काम आधीपासून करू शकत असेल तर त्याला ते गुण मिळायलाच हवेत, कारण परीक्षा ‘येतं का’ हे विचारते. ‘किती शिकलास’ हे विचारायचं असेल तर जूनमध्ये एकदा आणि मार्चमध्ये एकदा अशी तीच परीक्षा वेगळ्या कार्डावर घ्यावी आणि फरक पाहावा. दोन्ही उत्तरं एकाच आकड्यात मिळणार नाहीत. शिवाय घरी मराठी बोलणारं मूल अनोळखी माणसासमोर ‘कधी येऊ?’ विचारायचं विसरतं, हेही पुष्कळदा दिसतं. तिथे त्याचाही गुण जातो.

लाजाळू मुलांबद्दलही विचारलं जातं. हळू बोलणं, खाली बघणं यांना निकषपत्रिकेत गुण नाहीत आणि वजावटही नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे मूल अजिबात बोलू शकलं नाही, त्याची परीक्षा तिथेच थांबवून दुसऱ्या दिवशी घ्यायची, अशी सूचना परीक्षकाला दिलेली असते.

प्रगतिपुस्तकात काय लिहावं

एकूण आकडा लिहायलाच लागतो, पण त्याच्याशेजारी चारही आकडे लिहावेत. त्या मुलीचं 4-5-3-5 बघून पालकांना कळतं की तिला बोलायला येतं, फक्त ‘ते दप्तर, निळं, माझं’ हे बसवायचं आहे. त्यासाठी घरातल्या वस्तू दाखवत ‘हे काय? कसं आहे?’ असं रोज पाच मिनिटं विचारलं तरी फरक पडेल. त्या मुलाचं 3-2-3-5 बघितलं की दिसतं की त्याला आणखी निबंध पाठ करायला देऊन उपयोग नाही. त्याला भाजीवाल्याकडे, रिक्षावाल्याशी, सोसायटीच्या वॉचमनशी स्वतः बोलायला पाठवावं लागेल, आणि तिथे तो थांबला की आईबाबांनी मधे उत्तर द्यायचं नाही.